वस्त्रगाळ

टिकलीच्या मावशीचं लग्न झालं त्याच वर्षीची ही गोष्ट. लग्नात टिकलीने दोन वर्षांपूर्वी शिवलेला फ्रॉक घातला आणि तो तिला नीट बसला. पाहुण्यांना कौतुक वाटलं, "कपडे किती जपून वापरते पोर!" तिची आई मात्र शिवणकाम करणारी बाई. ती फ्रॉकच्या खालच्या पट्टीकडे बघत उभी राहिली. अकरा वर्षांच्या मुलीचा फ्रॉक दोन वर्षांत एक बोटभरही आखूड होत नाही, याचा अर्थ मुलगी वाढलीच नव्हती.

आजोबांना ते आधीच दिसलं होतं, पण त्यांनी त्याचा अर्थ वेगळा लावला होता. पोरगी जेवत नाही, एवढंच. आजोबा म्हणजे टिकलीच्या आईचे वडील. तीस वर्षं कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये आचारी होते. रोज चारशे माणसांना जेवू घातलेला माणूस, आणि घरच्या एका पोरीच्या ताटात अर्धी पोळी उरायची. पोटात कळ आली की ती पाय पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडायची. दिवसातून पाच-सहा वेळा संडासात जायची आणि परत आली की ओठ पांढरे दिसायचे.

लग्नानंतरच्या आठवड्यात आई तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. रक्त झालं, शौच तपासून झालं, शेवटी भूल देऊन आतड्यात दुर्बीण घातली. मुलांच्या पोटाचे डॉक्टर तरुण होते आणि बोलायला सावकाश. त्यांनी कागदावर आतड्याचं वेटोळं काढलं आणि लहान आतडं जिथे मोठ्याला मिळतं तिथे पेनाने टोचून टोचून ठिपके केले.

"इथे जखमा आहेत. या आजाराला क्रोन्स म्हणतात. शरीराचे पहारेकरीच घरावर चालून जातात असं समजा. हा जन्मभराचा आजार आहे. पण झोपवता येतो, आणि बरीच वर्षं झोपलेला ठेवता येतो."

"झोपवायचा कसा?" आईने विचारलं.

"दोन रस्ते आहेत. एक स्टेरॉइडच्या गोळ्या. सूज लवकर उतरते, पण वाढत्या वयात हाडं आणि उंची त्याची किंमत मोजतात. हिची उंची आधीच अडलेली आहे. दुसरा रस्ता म्हणजे आठ आठवडे अन्न पूर्ण बंद. त्याऐवजी डब्यातली पावडर पाण्यात कालवून केलेलं दूध. शरीराला लागतं ते सगळं त्यात असतं. दहातल्या आठ मुलांचा आजार एवढ्यावर झोपतो, आणि आतल्या जखमा गोळ्यांपेक्षा चांगल्या भरतात."

आजोबा दाराशी स्टुलावर बसले होते. "अन्न बंद" हे दोन शब्द ऐकले आणि त्यांना पुढचं काही ऐकूच आलं नाही.

त्यालाही कारण होतं. टिकलीच्या आईला एक मोठा भाऊ होता. सतराव्या वर्षी तो असाच पोट धरून बसायला लागला, असाच वाळत गेला. तेव्हा कुणी दुर्बीण घातली नाही, कुणी नाव सांगितलं नाही. एका वैद्याने लंघन करायला सांगितलं आणि आजोबांनी ते पाळलं. सगळ्या गावाला जेवू घालणाऱ्या बापाने आपल्या पोराला पाण्यावर ठेवलं. पोरगा गेला तेव्हा त्याचं वजन पिठाच्या गोणीपेक्षा कमी होतं. हे आजोबांनी कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. बोलायचं काय? घरातल्या सगळ्यांना ते ठाऊकच होतं.

सुरुवातीचे पाच दिवस टिकलीला वॉर्डात ठेवलं. वाळलेल्या शरीराला एकदम पोटभर दिलं तर रक्तातले क्षार कोसळतात, म्हणून पहिल्या दिवशी निम्मंच, मग थोडं थोडं वाढवत, रोज रक्त तपासत. तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंना सगळे आहारताई म्हणायचे. त्या टिकलीच्या खाटेवर बसून बोलत.

"दिवसाला आठ पेले. गार करून, झाकणाच्या पेल्यातून, नळीने ओढायचं, म्हणजे वास कमी येतो."

"चव कशी असते?" टिकलीने विचारलं.

"पहिल्या दिवशी आईस्क्रीमसारखी. दहाव्या दिवशी पुठ्ठ्यासारखी. खोटं कशाला सांगू?"

टिकली हसली. आजोबांना त्या हसण्याचा राग आला. ते म्हणाले, "ताई, अहो, पोट भरायचं म्हणजे काहीतरी चावायला नको? आणि अन्न थांबवून माणूस बरा कसा होतो, ते तरी सांगा."

"अन्न थांबत नाही, आजोबा. तिला पहिल्यापेक्षा जास्तच पोषण मिळणार आहे. बरं का होतं, ते खरं सांगायचं तर पूर्ण कुणालाच माहीत नाही. रोजच्या जेवणातलं काहीतरी आतड्याच्या अस्तराला चिडवतं, ते बंद होतं. आतले जंतू बदलतात. अस्तराच्या फटी बुजतात, सूज उतरते. एवढं दिसतं. म्हणून आठ आठवडे फक्त पातळ. पाणी हवं तेवढं. बाकी फक्त पातळ."

फक्त पातळ. आजोबांनी तो शब्द उचलला आणि घट्ट धरून ठेवला. पातळ म्हणजे काय, हे आचाऱ्याला कुणी शिकवायला हवं होतं का?

घरी आल्यावर आई सकाळी नऊला शिवणाच्या कारखान्यात जायची, ती सहाला परत. टिकलीचे वडील मालाचा ट्रक घेऊन महिन्यातले पंचवीस दिवस बाहेर. म्हणजे दिवसभर घरात टिकली आणि आजोबा. आजोबा पावडर मोजायचे, चमच्याचं माथं सुरीने सपाट करायचे, उकळून गार केलेलं पाणी घालायचे, पेले फ्रिजमध्ये ओळीने लावायचे. यात त्यांचा हात कुणी धरू शकलं नसतं.

आणि सातव्या दिवसापासून ते सूप करायला लागले.

कोंबडीची हाडं, गाजर, बटाटा, एक कांदा. दोन तास मंद आचेवर. मग चाळणीतून गाळायचं, मग बारीक चाळणीतून, मग धुतलेल्या मलमलीच्या कापडातून. वाटीत उरायचं ते चहासारखं नितळ. तळाला एक कण नसायचा. आजोबा ती वाटी उजेडाशी धरून बघायचे आणि मगच टिकलीच्या हातात द्यायचे.

"हे चालतं?" पहिल्या दिवशी तिने विचारलं.

"पातळ आहे ना? मग! आणि तुझ्या आजोबांच्या हातचं आहे."

टिकलीने डोळे मिटून वाटी संपवली. नंतर म्हणाली, "आजोबा, मला भूक नाही लागत हो. दुधाने पोट गच्च असतं. पण तोंडाला कंटाळा येतो. दात नुसते शेजारी शेजारी बसून असतात."

आजोबांना हे पटलं. ते रोज करायला लागले. आईला मुद्दाम सांगितलं नाही असं नाही, पण सांगितलंही नाही. ती घरी यायच्या आत भांडी घासून पालथी घातलेली असायची. सुपाला पोटात जागा हवी म्हणून टिकली दुपारचा पाचवा पेला मोरीत ओतायची. ते आजोबांनाही ठाऊक नव्हतं.

तीन आठवड्यांनी दाखवायला गेले तेव्हा डॉक्टरांनी कागद दोनदा उलटून पाहिला. वजन जेमतेम दोनशे ग्रॅम वाढलेलं. रक्तातली सूज थोडी उतरलेली. शौचाच्या तपासणीत आतड्यातल्या सुजेचा आकडा येतो, तो जिथे होता तिथेच. पोट अजून दुखत होतं. डॉक्टर म्हणाले, "एव्हाना फरक पडायला हवा होता. नाही पडला तर गोळ्यांकडे जावं लागेल."

आहारताईंनी खुर्ची टिकलीजवळ ओढली. "दिवसाला किती पेले जातात?"

टिकलीने आजोबांकडे पाहिलं. आजोबाच म्हणाले, "आठ. मी स्वतः करतो. माप एक रेघ इकडेतिकडे नाही."

"आणि वर काही?"

"वर सूप. ते मीच देतो," आजोबा म्हणाले. त्यांच्या आवाजात अभिमान होता. "काळजी नको ताई, तीनदा गाळतो. शेवटी कापडातून. वस्त्रगाळ! एक कण राहू देत नाही."

आहारताईंनी पेन खाली ठेवलं. आजोबांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. काहीतरी बिनसलंय एवढं त्यांना कळलं, पण काय ते कळेना.

"बाबा," आई म्हणाली. तिचा आवाज खालून, फार खालून आला. "कधीपासून?"

"दोन आठवडे झाले असतील. अगं, पातळच आहे..."

"पातळ! पातळ! तुमच्या हातचं कुणी खाल्लं नाही तर तुमचा जीव जातो, आणि खाल्लं तर आमचा!"

"मी पेला ओतत होते," टिकली मध्येच म्हणाली आणि रडायला लागली. "रोज एक. सूप मावायचं नाही म्हणून. आजोबांना नका बोलू."

आहारताईंनी हात वर केला. "थांबा. चूक माझी आहे. मी पातळ म्हणाले. 'डब्यातलं सोडून काही नाही' असं म्हणायला हवं होतं. आजोबा, गाळून कण जातात. पण हाडांतून, भाज्यांतून जे पाण्यात उतरलं ते कापडात अडकत नाही. आणि अर्धं हे, अर्धं ते केलं की फायदा अर्धा होत नाही. जवळजवळ उडूनच जातो. हे करून पाहिलंय, मोजून पाहिलंय. सगळं घ्यायचं किंवा काहीच नाही, असा हा उपचार आहे."

"आता?" आईने विचारलं.

"आता दिवस पुन्हा एकपासून मोजायचे," डॉक्टर म्हणाले. "पूर्ण आठ आठवडे. दोन-तीन आठवड्यांत उतार पडला नाही तर मग गोळ्या. मी यापेक्षा जास्त थांबणार नाही."

टिकलीला पेल्याचा वासही नको झाला होता, म्हणून नाकातून पोटात बारीक नळी घातली. जेवढे पेले तोंडाने जातील तेवढे तोंडाने, उरलेले नळीने. आईने शिकून घेतलं, आजोबांनीही. आधी सुईविना सिरिंजने पोटातला थेंबभर रस ओढायचा, पट्टीवर टाकून रंग बघायचा, नळी पोटातच आहे अशी खात्री करायची, मगच दूध सोडायचं. आजोबांचा हात त्यात इतका सफाईने चालायचा की सिस्टर म्हणाल्या, "यांना इथेच ठेवून घेऊ का?" टिकली नळी गालावर चिकटवून आरशात बघायची आणि म्हणायची, "हत्तीचं पिल्लू. सोंड बारीक, खाणं जास्त."

आजोबा हसले नाहीत. दवाखान्यातून आल्यापासून ते कमीच बोलायचे.

पाणी उकळण्यापुरता सोडून त्यांनी घरातला गॅस बंद केला. मसाल्याचे डबे बांधून माळ्यावर टाकले. "वास आला की पोरीच्या तोंडाला पाणी सुटतं," ते म्हणाले. आई दुपारी कारखान्यात जेवायची. संध्याकाळी येताना पाव आणायची, तो बापलेक गॅलरीत उभं राहून खायचे. "आणि दुपारी तुम्ही?" आईने विचारलं.

"मी जातो की जुन्या कॅन्टीनला. अजून चार ओळखीची माणसं आहेत. फुकट घालतात."

ते एकच्या सुमाराला खाली उतरायचे हे खरं. शेजारीण टिकलीपाशी येऊन बसायची. आजोबा कॅन्टीनच्या फाटकापर्यंत चालायचे आणि समोरच्या बाकावर बसायचे. आत भांड्यांचा आवाज, फोडणीचा वास. तासाभराने उठून परत यायचे. त्यांनी मनाशी ठरवलं होतं, पोरीचं अन्न पुरतं परत येत नाही तोवर आपल्यालाही अन्न नाही. संध्याकाळचा पाव तेवढा, तोही लेकीला संशय येऊ नये म्हणून. पोराला उपाशी ठेवलं ते चुकलं, नातीला खाऊ घातलं तेही चुकलं. मग आता या तोंडाने काय खायचं? हे त्यांचं गणित. ते कुणाला दाखवलं असतं तर कुणीतरी चूक काढून दिली असती. पण आजोबांनी ते झाकूनच ठेवलं.

रक्तातली साखर उतरवणारी मधुमेहाची गोळी मात्र ते रोज सकाळी नेमाने घ्यायचे. बारा वर्षं घेत होते. डॉक्टरने दिलेलं औषध चुकवायचं नाही, एवढा धडा त्यांनी पक्का शिकला होता. पोटात काही नसताना ती गोळी घ्यायची नसते, हे कुणीतरी बारा वर्षांपूर्वी सांगितलं असेल. पण तेव्हा उपाशी राहायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

दहाव्या दिवशी टिकलीचं पोट दुखायचं थांबलं. ते तिच्या स्वतःच्याही लक्षात आलं नाही. संध्याकाळी आईने विचारलं तेव्हा म्हणाली, "अरे हो, आज दुखलंच नाही." तिसऱ्या आठवड्यात दीड किलो वजन वाढलं, रक्तातली सूज जवळजवळ गेली. डॉक्टर प्रथमच हसले. आजार झोपेल तो झोपलेलाच राहावा म्हणून त्यांनी रोजची एक गोळी सुरू केली, ती पुढे कित्येक वर्षं चालणार होती. चौथ्या आठवड्यात नळी काढली. आठही पेले टिकली तोंडाने प्यायला लागली, नाक दाबून, गाणी म्हणत, कधी शिव्या देत.

"शिव्या कुठे शिकलीस?" आई म्हणाली.

"बाबांच्या फोनवर."

आठ आठवडे संपले तेव्हा शौचाच्या तपासणीतला अठराशेचा आकडा दोनशेवर आला होता. आहारताईंनी आजोबांना समोर बसवलं. या वेळी त्यांनी प्रत्येक गोष्ट त्यांच्याकडून परत म्हणवून घेतली.

"अन्न एकदम परत नाही आणायचं. पहिल्या दिवशी?"

"एक पेला कमी. त्या जागी एक लहान जेवण. साधं."

"मग?"

"तीन दिवस तेच. पोट काय म्हणतं ते बघायचं. मग दुसरा पेला कमी, दुसरा पदार्थ. एका वेळी एकच नवा, म्हणजे काही बिघडलं तर चोर सापडतो."

"आणि बिघडलं तर?"

"शेवटचं आणलेलं मागे घ्यायचं आणि तुम्हाला फोन. स्वतःचं डोकं चालवायचं नाही."

"असं नाही म्हणाले हो मी."

"मी म्हणालो," आजोबा म्हणाले.

सगळं पार पडायला तीन आठवड्यांवर दिवस लागणार होते. त्यानंतरही एखाददोन पेले पुढे चालूच राहायचे होते, पण ते वरचे, ताटाच्या जोडीचे.

पहिल्या दिवशी आजोबांनी रांधायला गॅस पेटवला. एक बटाटा सोलून उकडला, मऊ कुस्करला, चिमूटभर मीठ. साल नाही, मसाला नाही. चारशे माणसांच्या आचाऱ्याने आयुष्यात एवढं थोडं कधी रांधलं नव्हतं. टिकलीने पहिला घास तोंडात ठेवला आणि किती तरी वेळ चावत राहिली. चावण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

"कसा झालाय?"

"बटाट्यासारखा," ती म्हणाली, आणि दोघांनाही हसू फुटलं. मग म्हणाली, "तुम्ही पण घ्या ना."

"मी खाऊन आलोय खालून."

तीन दिवसांनी भात आला. आणखी तीन दिवसांनी उकडलेली कोंबडी, तीही कातडी काढून. एकदाही कळ आली नाही. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही किती उतरलात. पट्ट्याला नवीन भोक पाडलंत?" "म्हातारपणी माणूस आटतोच," आजोबा म्हणाले. "तुझी पोरगी भरतेय ना, माझ्यातलंच जातंय तिकडे." लेक हसली. तिला ती थट्टा वाटली.

अन्न सुरू झाल्याच्या बाराव्या दिवशी सकाळी आजोबा टिकलीचा दहाचा पेला कालवत होते. नवा पदार्थ म्हणून गाजर शिजत होतं. चमच्याचं माथं सपाट करताना सुरी घसरली. पावडर ओट्यावर सांडली. त्यांनी हाताकडे पाहिलं, हात आपला नसल्यासारखा थरथरत होता. गळ्यापासून पाठीपर्यंत घाम. खिडकीतला उजेड फार झाला. त्यांना वाटलं, गरम होतंय. तरीही त्यांनी दुसरं माप घेतलं, कालवलं, पेल्यावर झाकण लावलं आणि बाहेर आणून टिकलीच्या पुढे ठेवलं.

"आजोबा, तुम्ही ओले झालात!"

"बस, बस. पी तू." जीभ जड झाली होती. ते भिंतीला टेकून खाली बसले. टिकली घाबरली, पण तीन महिने दवाखान्याच्या फेऱ्या केलेली पोर होती. तिने पेला उचलून त्यांच्या तोंडाशी नेला. "हे प्या. यात साखर असते, ताई म्हणाल्या होत्या. एक घोट घ्या."

आजोबांनी दात घट्ट मिटले. मान हलवली. मग जेमतेम कळेल असं बोलले, "तुझा आहे तो. ओतू नकोस. डब्यातलं सोडून काही नाही... काही नाही..."

"आजोबा, मी दुसरा करीन! घ्या ना!"

त्यांनी हाताने पेला बाजूला सारला. नंतर त्यांना वाटलं की कुणीतरी जेवायला बसलंय, बरीच माणसं आहेत, आणि ताटं मांडायला हवीत.

टिकलीची हाक ऐकून शेजारीण धावत आली तेव्हा त्यांची शुद्ध गेली होती. दवाखान्यात रक्तातली साखर बावीस निघाली, जिथे ती सत्तरच्या वर हवी. सलाईनमधून साखर दिली, ती चढायची आणि पुन्हा उतरायची, कारण उपाशी पोटी घेतलेली गोळी अंगात भिनून राहिली होती. ड्यूटीवरच्या डॉक्टरने आईला विचारलं, "काल दुपारी काय जेवले होते?" आई म्हणाली, "कॅन्टीनमध्ये जेवतात." मग तिने कॅन्टीनला फोन केला. तिकडचा माणूस म्हणाला, "ते आत कधी आलेच नाहीत हो ताई. रोज समोर बाकावर बसायचे. आम्हाला वाटलं, घरून जेवून येतात."

टिकलीचे वडील ट्रक वाटेत सोडून आले. टिकलीच्या पोटात ते सगळे दिवस एकदाही दुखलं नाही. गाजर तिला सोसलं. दुसऱ्या दिवशी आहारताई स्वतः घरी आल्या आणि ठरल्याप्रमाणे पुढचा पेला कमी करून गेल्या.

आजोबा शुद्धीवर आले नाहीत. मावशीच्या लग्नाच्या वर्षी, डिसेंबरच्या अकरा तारखेला, गुरुवारी सकाळी सव्वाअकराला ते वारले. त्यांचं वय एकोणसत्तर होतं. टिकलीचं सगळं अन्न परत यायला तेव्हा नऊ दिवस उरले होते.